बिल्डरला गळतीची तक्रार मेलवर कशी कराल?

नव्या घराच्या भिंतीला ओल आली की लोक आधी फोन करतात. मग साइट ऑफिसच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात. सुपरवायझर येतो, भिंतीवर हात फिरवतो आणि ‘पावसाळा संपला की बघतो’ असं सांगून जातो. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच. तीन पावसाळे असे गेल्यावर प्रश्न येतो, ‘आता काय करायचं? आम्ही तर पहिल्या वर्षापासून सांगतोय.’ कोणाला सांगितलं, कधी सांगितलं, काय मागितलं, असं विचारलं की दाखवायला हातात काही नसतं. फोन बदललेला असतो आणि तो सुपरवायझर नोकरी सोडून गेलेला असतो.

म्हणून हा लेख फक्त एका मेलबद्दल आहे. ताबा मिळून पाच वर्षं झालेली नाहीत आणि घरात बांधकामाचा दोष दिसतोय, अशा वेळी बिल्डरला पाठवायचा तो पहिला मेल.

या मेलवर एवढं का अवलंबून आहे?

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, 2016, म्हणजे आपण ज्याला ‘रेरा’ म्हणतो, त्याचं कलम 14(3) या बाबतीत स्पष्ट आहे. बांधकामाच्या रचनेत, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांमध्ये दोष असेल आणि तो ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने 30 दिवसांत, जादा पैसे न घेता, तो दुरुस्त करून द्यायचा असतो. दिला नाही, तर तुम्हाला भरपाई मागता येते.

यातले ‘निदर्शनास आणून दिला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसता पाच वर्षांत दोष उद्भवून भागत नाही, तो पाच वर्षांत कळवावा लागतो. तुमचा मेल म्हणजे हे कळवणं. पाच वर्षांच्या आत सांगितलं हे त्यावरून सिद्ध होतं आणि 30 दिवसही त्या तारखेपासून मोजता येतात. तेव्हा मेल वाचणारा खरा वाचक बिल्डरच्या ऑफिसातला कर्मचारी नाही. दोन वर्षांनी फाइल उघडून बसणारा, तुमचं घर कधीही न पाहिलेला अधिकारी हा तुमचा वाचक आहे. त्याला फोन न करता, फक्त मेल वाचून सगळं कळलं पाहिजे.

मोजणीत एक घोळ नेहमी होतो. काही बिल्डर पाच वर्षं भोगवटा प्रमाणपत्राच्या तारखेपासून मोजतात. ते प्रमाणपत्र तुमच्या ताब्याच्या वर्षभर आधीचं असलं तर तेवढं वर्ष तुमचं जातं. कायद्यात मोजणी ताब्यापासून आहे. त्यामुळे ताबापत्र शोधणं हे पहिलं काम.

लिहिण्याआधी दोन दिवस भिंतीकडे बघा

आपण एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. पुण्याच्या पश्चिमेकडचा एक प्रकल्प, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट बी-704. ताबा 20 ऑक्टोबर 2021. जून 2025 मध्ये बेडरूमच्या खिडकीखाली ओल दिसू लागली.

पाणी कुठून येतंय याचा अंदाज आधी घ्यायला हवा, कारण तक्रार कोणाकडे जाणार ते त्यावर ठरतं. पाऊस लागला की डाग वाढतो आणि तीन-चार दिवस उघडीप मिळाली की कडेने सुकू लागतो, असं असेल तर पाणी बहुधा बाहेरच्या भिंतीतून किंवा खिडकीच्या चौकटीच्या सांध्यातून येतंय. पाऊस असो-नसो, डाग तसाच ओला राहत असेल तर वरच्या बाथरूमचा किंवा भिंतीतल्या पाइपचा संशय घ्यावा. वरच्या मजल्यावरच्यांनी मधल्या काळात बाथरूमच्या फरश्या फोडून नव्या बसवल्या असतील, तर बिल्डर हमखास त्यांच्याकडे बोट दाखवेल आणि त्यात तथ्यही असू शकेल. तेव्हा वर जाऊन त्यांना एकदा नीट विचारून या.

डाग वाढतोय हे दाखवायचा मला माहीत असलेला सर्वांत साधा उपाय म्हणजे पेन्सिल. डागाच्या कडेने भिंतीवर बारीक रेघ ओढा आणि रेघेजवळ तारीख लिहा. पुढच्या रविवारी डाग रेघेबाहेर गेला असेल तर दुसरी रेघ, दुसरी तारीख. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. भिंतीवर एकात एक अशा चार रेघा दिसल्या की ‘ओल जुनीच आहे, वाढत नाही’ असं कोणाला म्हणता येत नाही.

फोटो मोबाइलच्या कॅमेऱ्यातले मूळ ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोत तो कधी काढला याची आतली नोंद उरत नाही.

मेल कोणत्या पत्त्यावर पाठवायचा?

जाहिरातीवरच्या ‘चौकशीसाठी’ पत्त्यावर नको. तुमच्या नोंदणीकृत करारनाम्याच्या शेवटच्या पानांत ‘नोटिसा’ या अर्थाचं एक कलम असतं. त्यात दोन्ही पक्षांचे टपालाचे आणि मेलचे पत्ते दिलेले असतात. करारानुसार नोटीस पोचली असं ज्या पत्त्यावर धरलं जातं तो हा पत्ता. ग्राहक सेवा विभागाचा पत्ता माहीत असेल तर तोही जोडा, पण मुख्य पत्ता करारातलाच हवा. अनेक करारांत मेलबरोबर टपालाचाही उल्लेख असतो. मग मेलची छापील प्रत, सही करून, पोचपावतीसह त्याच दिवशी टपालाने रवाना करा. शंभराच्या आत खर्च येतो आणि ‘मेल मिळाला नाही’ हा मुद्दा तिथेच संपतो.

फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर मेल दोघांच्या नावाने जाऊ दे आणि दुसऱ्याला प्रत असू दे. सोसायटी झाली असेल तर सचिवांनाही प्रत द्या. बाहेरची भिंत सामाईक असल्याने सोसायटीचंही वेगळं पत्र गेलं तर बळ वाढतं. ओल बाकीच्या घरांतही असेल तर नक्कीच.

विषयाची ओळ

‘तातडीचे!!!’, ‘गळतीबाबत’, ‘तिसऱ्यांदा कळवत आहोत’ असे विषय रोज डझनांनी येतात आणि त्यावरून कोणालाच काही शोधता येत नाही. विषयाच्या ओळीत चार गोष्टी बसवा: कोणता फ्लॅट, काय बिघडलं, काय हवं आणि कधीपर्यंत. फ्लॅटचा नंबर सगळ्यात आधी, कारण मोबाइलवर ओळीचा पुढचा भागच दिसतो. आपल्या उदाहरणात ओळ अशी होईल:

> फ्लॅट बी-704: बेडरूमच्या बाहेरील भिंतीतून गळती, कलम 14(3) नुसार दुरुस्तीची मागणी, मुदत 5 सप्टेंबर 2025

पुढची सगळी उत्तरं याच साखळीत ‘रिप्लाय ऑल’ करून द्या. दर वेळी नवा मेल सुरू केला की तक्रारीचे तुकडे होतात आणि तुमची 30 दिवसांची मोजणी कोणत्या मेलपासून यावर वाद निघतो.

घटना तारखेनिशी

इथे बहुतेकांची गाडी अडते. आपल्याला घटना आठवतात त्या सणावारांनी. ‘आषाढीच्या आदल्या दिवशी तुमचा माणूस येऊन गेला’ हे घरातल्यांना पुरतं, फाइल वाचणाऱ्याला पुरत नाही. 2025 मध्ये आषाढी एकादशी 6 जुलैला होती, म्हणजे पाहणी 5 जुलैला झाली. ही तारीख पक्की करायला सोसायटीच्या गेटवरची नोंदवही, त्या दिवशीचा कॉल लॉग किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश बघा. तारीख काही केल्या सापडली नाही तर ‘जुलै 2025 च्या पहिल्या आठवड्यात’ असं प्रामाणिकपणे लिहा. अंदाजाने ठोकून दिलेली एक तारीख खोटी ठरली की बाकीच्या पाच खऱ्या तारखांवरही संशय येतो.

एका ओळीत एक घटना. काय दिसलं, कोण आलं, काय म्हणालं, एवढंच. ‘निकृष्ट’, ‘फसवणूक’, ‘लुबाडलं’ हे शब्द गाळा. राग रास्त असतो हे मी जाणतो. कर्जाचा हप्ता भरत, ओल्या भिंतीला बिछाना लागू नये म्हणून पलंग खोलीच्या मधोमध ओढून झोपणाऱ्याला शांत लिहा म्हणून सांगणं सोपं आहे. पण फसवणुकीचा आरोप केला की उत्तर त्या आरोपाला येतं, वकिलामार्फत येतं, आणि भिंत तशीच राहते.

तुमच्या विरुद्ध जाऊ शकेल अशी गोष्ट असेल तर ती तुम्हीच आधी सांगा. फ्लॅटधारकाने भिंत, तुळई, स्तंभ फोडले किंवा बदल केले तर दोषाची जबाबदारी आमची नाही, असं करारात बहुधा असतं. म्हणून बिल्डरचा इंजिनियर आला की पहिल्यांदा एसीचं छिद्र आणि ग्रिलचे बोल्ट शोधतो. बी-704 मध्ये एसीच्या पाइपसाठी त्याच भिंतीला छिद्र आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. ते ओलीपासून किती दूर आहे हे मोजून लिहिलं की त्यांच्या हातातला मुद्दा आधीच निघून जातो.

नेमकं काय हवं ते मागा

‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं लिहिलंत तर कार्यवाही म्हणून एक रंगारी येईल. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंगाचा हात मारला की दोन महिने भिंत छान दिसते, तुमची सही घेतली जाते आणि तक्रार ‘बंद’ होते. म्हणून मागणी तीन टप्प्यांत लिहा: कारण शोधणं, कारण दुरुस्त करणं, आणि त्यानंतर आतली भिंत पूर्ववत करणं. हा क्रमही मेलमध्ये असू दे. काम कोणत्या रसायनाने करायचं हे तुम्ही ठरवून देऊ नका. तुम्ही सुचवलेला उपाय फसला तर दोष तुमच्या माथी येतो.

एका मेलमध्ये एकच विषय. लिफ्ट, पार्किंग, अपुरं राहिलेलं क्लब हाउस, या तक्रारी खऱ्या असल्या तरी वेगळ्या मेलमध्ये. पाच मागण्यांच्या मेलला सोप्या मागणीचं उत्तर येतं आणि अवघड मागणी मागे राहते. भरपाईचा आकडाही पहिल्या मेलमध्ये टाकायची गरज नाही. तो हक्क दुरुस्ती नाकारली किंवा मुदतीत झाली नाही की येतो. तोवर बिलं जपून ठेवा.

मुदत किती द्यावी?

‘लवकरात लवकर’ ही मुदत नव्हे. ‘48 तासांत करा, अन्यथा…’ ही मुदत कोणी पाळू शकत नाही आणि ती न पाळल्याचा तुम्हाला पुढे उपयोगही होत नाही. इथे कायद्यानेच 30 दिवस दिलेले आहेत, ते घ्या आणि तारखेत लिहा. मेल 6 ऑगस्टचा, तर तिसावा दिवस 5 सप्टेंबर. पाहणीसाठी त्याच्या आत वेगळी, जवळची तारीख द्या, सात दिवसांची. पूर्ण काम रेंगाळतंय हे महिन्याने कळण्यापेक्षा पाहणीलाच कोणी आलं नाही हे आठवड्यात कळलेलं बरं.

आता अडचण. बाहेरच्या भिंतीचं काम भर पावसात, सातव्या मजल्यावर, झुला किंवा परांची लावून नीट होत नाही. ओल्या पृष्ठभागावर जलरोधक थर धरत नाही. शिवाय 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला आले आणि अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला, म्हणजे आपली मुदत नेमकी त्या दिवसांत पडते, जेव्हा अनेक कामगार गावी असतात. बिल्डर हे सांगेल आणि ते खोटं नसेल. माझं मत असं की मुदत तरी बदलू नये. त्याऐवजी मेलमध्येच वाट ठेवावी: पावसामुळे बाहेरचं काम शक्य नसेल तर 5 सप्टेंबरपर्यंत तसं लेखी कळवा, तात्पुरता उपाय करा आणि काम सुरू व संपण्याची तारीख द्या. यामुळे ‘पावसाळ्यानंतर बघू’ या तोंडी वाक्याची जागा लेखी तारीख घेते.

अपवाद विजेचा. ओल स्विचबोर्डापर्यंत आली असेल तर मेलच्या उत्तराची वाट बघू नका. त्या बोर्डाचा पुरवठा बंद करा, इलेक्ट्रिशियनला दाखवा आणि त्याचं बिल ठेवा.

संपूर्ण मेल

> प्रति, (करारातील नावाप्रमाणे प्रवर्तक कंपनी)
>
> आम्ही (दोन्ही धारकांची नावे), (प्रकल्पाचे नाव, महारेरा नोंदणी क्रमांक) या प्रकल्पातील फ्लॅट बी-704 चे धारक आहोत. बेडरूमच्या पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीतून पावसाचे पाणी आत येत आहे. रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार हा दोष आम्ही आपल्या निदर्शनास आणून देत आहोत.
>
> घटनाक्रम:
> 1. 20 ऑक्टोबर 2021: फ्लॅटचा ताबा मिळाला (ताबापत्र, जोडपत्र 1).
> 2. 22 जून 2025: खिडकीखाली ओल प्रथम दिसली (फोटो, जोडपत्र 2).
> 3. 24 जून 2025: साइट ऑफिसच्या क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅपने कळवले (जोडपत्र 3).
> 4. 5 जुलै 2025: आपल्या सुपरवायझरनी पाहणी केली. पावसाळ्यानंतर पाहू, असे तोंडी सांगितले.
> 5. 27 जुलै 2025: ओल सुमारे 4 फूट रुंद व अडीच फूट उंच झाली असून रंग सुटला आहे. ओलीची कड स्विचबोर्डापासून 9 इंचांवर आहे (फोटो, जोडपत्र 4).
> 6. आजपर्यंत कोणतेही काम झालेले नाही.
>
> पाऊस थांबल्यावर ओल कमी होते व पुन्हा पावसाबरोबर वाढते. या भिंतीत एसीच्या पाइपसाठी एक छिद्र आहे. ते ओलीपासून 5 फूट अंतरावर असून त्याभोवती ओल नाही. भिंतीत अन्य कोणताही बदल केलेला नाही.
>
> आमची मागणी:
> 1. 13 ऑगस्ट 2025 पर्यंत इंजिनियरमार्फत पाहणी करून गळतीचे कारण लेखी कळवावे.
> 2. 5 सप्टेंबर 2025 पर्यंत गळतीचे मूळ कारण दुरुस्त करून त्यानंतर आतील प्लास्टर, पुट्टी व रंग आपल्या खर्चाने पूर्ववत करावा.
> 3. पावसामुळे बाहेरील काम या मुदतीत शक्य नसल्यास त्याच तारखेपर्यंत तसे कारणासह लेखी कळवावे, तात्पुरता उपाय करावा व काम सुरू आणि पूर्ण होण्याची तारीख द्यावी.
>
> पाहणीसाठी शनिवार-रविवारी दिवसभर व इतर दिवशी सायंकाळी 6 नंतर घरी कोणीतरी असेल. आदल्या दिवशी याच मेलवर कळवावे.
>
> मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भरपाईसह अन्य दाद मागण्याचा आमचा हक्क राखून ठेवत आहोत.
>
> (नावे, फोन क्रमांक, दिनांक 6 ऑगस्ट 2025)

महारेराचा नोंदणी क्रमांक इंग्रजी ‘पी’ने सुरू होतो. तो तुमच्या करारात आणि महारेराच्या संकेतस्थळावर मिळतो. मेल मराठीत चालतो, फक्त नावं आणि क्रमांक करारात आहेत तसेच लिहा. जोडपत्रं एकाच पीडीएफमध्ये, क्रमांक टाकून. क्लाउडवरची लिंक देऊ नका, वर्षभराने ती उघडेलच असं नाही.

उत्तर आलं, किंवा नाही आलं

13 ऑगस्ट कोरडा गेला तर 14 तारखेला त्याच साखळीत दोन ओळी लिहा: पाहणी झाली नाही, 5 सप्टेंबरची मुदत कायम आहे. कोणी फोनवर काही कबूल केलं तर त्याच संध्याकाळी ‘आज दुपारी आपण फोनवर असं सांगितलंत’ असा मेल टाका. फोनवरचं बोलणं कागदावर येतं ते असंच. ‘पैसे भरलेत तर करून देतो’ असं उत्तर आलं, तर कलमात ‘जादा पैसे न घेता’ असं आहे हे दाखवा. घाईपोटी पैसे भरायचेच ठरवलंत तर हक्क राखून भरत आहोत, असं आधी लेखी कळवा.

मुदत उलटली की एक शेवटची आठवण पुरे. त्यानंतर दोन वाटा आहेत:

- महारेरा: तक्रार संकेतस्थळावरून करता येते, शुल्क 5,000 रुपये. दोन्ही बाजूंची तयारी असेल तर महारेराच्या सलोखा मंचाकडेही जाता येतं, तिथे ग्राहक संघटना आणि बिल्डर संघटनेचे प्रतिनिधी एकत्र बसून तडजोड घडवतात.
- ग्राहक आयोग: तक्रारीचं कारण घडल्यापासून साधारण दोन वर्षांत जावं लागतं, त्यामुळे पत्रव्यवहारातच वर्षं घालवू नका.

दोन्हीकडे तुमचा हाच मेल पहिला कागद असेल. खात्यातून तो पुसू नका, नुसती छापील प्रत ठेवून भागणार नाही. न्यायालयीन कामात इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि तेव्हा मूळ मेल खात्यात असलेला बरा.

आणि काम झालं, माणसं सामान आवरून निघाली, तुमच्यापुढे ‘काम समाधानकारक पूर्ण’ असा कागद आला, तर त्यावर ‘काम अमुक तारखेला झाले, पावसात तपासणी बाकी’ असं हाताने लिहून सही करा आणि त्याचा फोटो त्याच साखळीत पाठवा. बी-704 च्या भिंतीवर पेन्सिलची नवी रेघ पुढच्या जूनमध्ये लागते की नाही ते तेव्हा कळेल. पाच वर्षं 20 ऑक्टोबर 2026 च्या सुमारास भरतात, म्हणजे एक अख्खा पावसाळा अजून हातात आहे.